घरातून गेलेला माणूस परतलाच नाही, तर वारसांची नोंद कधी होते? – वारंवार विचारले जाणारे प्रश्न

यवतमाळ, वाशीम, बुलढाणा या भागांतील खेड्यांमधून कामाच्या शोधात सुरत, नाशिक किंवा पुण्याकडे गेलेला आणि पुढे ज्याचा पत्ताच लागला नाही असा माणूस गावागणिक एखादा तरी निघतो. त्याच्या नावावरचे वावर घरचे लोक कसतात, पण सात-बारावरचे नाव हलत नाही, पीक कर्जावर सही कोणी करायची हे ठरत नाही आणि मुलांचा हक्क अधांतरी राहतो. अशा घरांतून तालुक्याच्या न्यायालयात येणारे लोक जे प्रश्न विचारतात, त्यांची उत्तरे येथे दिली आहेत. भर शेतजमिनीवर आहे, कारण भांडण बहुतेक वेळा तिथेच उभे राहते.

सात वर्षे झाली की माणूस कायद्याने आपोआप मृत ठरतो का?

नाही. सर्वात मोठा गैरसमज हाच आहे, आणि त्यापायी लोकांची दोन-दोन, तीन-तीन वर्षे वाया गेलेली मी पाहिली आहेत. जुन्या भारतीय पुरावा अधिनियम, १८७२ मध्ये कलम १०७ आणि १०८ होती. १ जुलै २०२४ पासून त्यांची जागा भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ मधील कलम ११० आणि १११ यांनी घेतली आहे, आणि नियम तोच राहिला आहे. त्या तारखेपूर्वी दाखल झालेले दावे जुन्या कायद्यानुसारच चालतात.

ही कलमे कोणालाही मृत घोषित करत नाहीत. पुराव्याचा भार कोणावर, एवढेच ती सांगतात. एखादी व्यक्ती गेल्या तीस वर्षांत कधीतरी हयात होती असे दिसले, तर ती मेली आहे असे म्हणणाऱ्याने ते सिद्ध करायचे, हा पहिला नियम आहे. दुसरा नियम त्याला अपवाद करतो: ती व्यक्ती हयात असती तर ज्यांना तिची खबर स्वाभाविकपणे मिळाली असती, अशा लोकांना सात वर्षे तिची काहीही खबर नसेल, तर ती हयात आहे असे म्हणणाऱ्यावर भार जातो.

भारतीय आयुर्विमा महामंडळ विरुद्ध अनुराधा या २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले आहे की, मृत्यू झाला असे धरून चालण्याचे हे गृहीतक न्यायालयात किंवा निर्णयाचा अधिकार असलेल्या प्राधिकरणापुढे तसा प्रश्न उपस्थित झाला तरच लागू होते. थोडक्यात, तुम्ही दावा आणल्याशिवाय सात वर्षांची मुदत कागदावर काहीच घडवून आणत नाही. तलाठी, म्हणजे आताचे ग्राम महसूल अधिकारी, सात वर्षे उलटल्याचे ऐकून नाव कमी करत नाहीत, आणि त्यांचे तसे वागणे बरोबरच आहे.

सात वर्षे कोणत्या दिवसापासून मोजायची?

शेवटची खात्रीलायक खबर मिळाली त्या दिवसापासून. घर सोडल्याचा दिवस नव्हे आणि पोलिसांत नोंद केल्याचा दिवसही नव्हे. माणूस २०१५ च्या पोळ्यानंतर गेला आणि जानेवारी २०१६ मध्ये त्याने घरी फोन केला, तर मोजणी जानेवारी २०१६ पासून सुरू होते.

यात लोक ठेचकाळतात ते अशा खबरींवर, ज्या त्यांना खबर वाटतच नाहीत. एका बाईंनी कापडी पिशवीतून नवऱ्याचे बँकेचे पासबुक काढून माझ्या टेबलावर ठेवले होते. ते त्यांनी नुकतेच भरून आणले होते, आणि त्यात नवरा गेल्यानंतर चौदा महिन्यांनी परराज्यातील एका एटीएममधून दोन हजार रुपये काढल्याची ओळ होती. त्यांनी ती ओळ पाहिलीच नव्हती. कार्ड दुसऱ्या कोणाच्या हातीही असू शकते, त्यामुळे ती नोंद म्हणजे तो हयात होता याचा पक्का पुरावा नव्हे. पण समोरच्या पक्षाने ती उलटतपासणीत काढली असती आणि दाव्यात तिचा उल्लेखही नसता, तर बाईंच्या सगळ्या साक्षीवरचा विश्वास उडाला असता. आम्ही दावा थांबवला, त्या ओळीपासून सात वर्षे पूर्ण होऊ दिली आणि दाव्यात ती नोंद स्वतःहून मांडली.

म्हणून आधी पासबुक भरून घ्यावे, सोयऱ्याधायऱ्यांकडे चौकशी करावी आणि कोणी त्याला पंढरपुरात किंवा शेगावात पाहिल्याचे सांगत असेल, तर ते कोणी, कधी आणि कुणाला सांगितले हे लिहून ठेवावे.

कलमातील 'स्वाभाविकपणे' हा शब्दही न्यायालय तपासते. जो मुलांच्या शाळेची चौकशी करायला दर आठवड्याला फोन करत असे, त्याचे मौन बोलके असते. सावकाराच्या तगाद्याने निघून गेला, किंवा घरच्यांशी बोलणेच टाकले होते, अशा माणसाच्या मौनाला तेवढे वजन मिळेलच असे नाही. हे लपवून ठेवू नये. त्याचे बोलणे आईशी, मित्राशी किंवा बहिणीशी चालू होते असे दाखवता आले, तर त्या व्यक्तीला साक्षीला आणावे.

तेव्हा पोलिसांत तक्रार दिली नव्हती. आता काय करावे?

तक्रार नसली म्हणून दावा बुडत नाही, पण तो अवघड होतो. उशिरा का होईना, ठाण्यात बेपत्ता व्यक्तीची नोंद करावी आणि मिसिंग क्रमांक घ्यावा. पोलिसांनी शोध घेऊनही व्यक्ती मिळून आली नाही, असा लेखी दाखला पुढे मागावा. उशीर का झाला ते तक्रारीतच खरे-खरे लिहावे. 'दिवाळीला येईल असे वाटत होते' हे कारण न्यायाधीशांनाही समजते. त्यासोबत पोलीस पाटलांची साक्ष, मतदार यादी, शिधापत्रिका आणि जुनी पत्रे यांचा आधार घेता येतो.

सात वर्षे होण्याआधी वारसांना काहीच करता येत नाही का?

मृत्यूचा पुरावा असेल तर करता येते. सात वर्षांचा नियम पुरावा नसलेल्यांच्या मदतीसाठी आहे, पुरावा असलेल्यांना अडवण्यासाठी नाही. वैनगंगेच्या पुरात नाव उलटली, चौघे पोहून आले, एक वाहून गेला आणि देह मिळाला नाही, अशा वेळी चौघांची साक्ष, महसूल खात्याचा पंचनामा आणि शोधमोहिमेची कागदपत्रे यांच्या आधारे मृत्यू थेट सिद्ध करता येतो. मोठ्या आपत्तीत सरकार वेगळी कार्यपद्धतीही ठरवते, जशी २०१३ च्या उत्तराखंडातील महापुरानंतर ठरवली होती.

असा पुरावा नसेल, तर तोपर्यंत कायद्याच्या नजरेत मालक तोच आहे. घरच्यांनी वावर कसावे, शेतसारा भरावा आणि पावत्या जपून ठेवाव्यात. जमीन मात्र विकू नये. त्याच्या नावाने केलेले मुखत्यारपत्र, मागच्या तारखेचा बक्षीसपत्राचा कागद किंवा 'आम्ही सगळे वारस आहोत' असे शंभर रुपयांच्या मुद्रांकावर लिहून केलेला सौदा उद्या घेणाऱ्यालाही बुडवतो आणि देणाऱ्यावर फौजदारी ओढवतो.

न्यायालय मृत्यूची तारीख कोणती धरते? सात वर्षे पूर्ण झाली तो दिवस?

सगळा वारसा या प्रश्नावर फिरतो, म्हणून त्याचे उत्तर सविस्तर देतो. गृहीतक मृत्यूचे आहे, मृत्यूच्या तारखेचे नाही. इंग्रजी अमलातील सर्वोच्च अपील न्यायालय असलेल्या प्रिव्ही कौन्सिलने १९२६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या लालचंद मारवाडी निकालात हे सांगितले होते, आणि सर्वोच्च न्यायालयाने अनुराधा प्रकरणात तेच कायम ठेवले. माणूस गेला त्या दिवशीच मेला, किंवा सात वर्षे भरली त्या दिवशी मेला, असे कायदा मानत नाही. एखाद्या विशिष्ट दिवशी किंवा विशिष्ट घटनेआधी तो मेला होता यावर ज्याचा हक्क अवलंबून आहे, त्याने ते पुराव्याने सिद्ध करायचे. पुरावा नसेल, तर प्रश्न न्यायालयापुढे आला तेव्हा तो हयात नव्हता एवढेच म्हणता येते. म्हणूनच अनेक न्यायालये दावा दाखल झाल्याची तारीख धरतात.

वारसा उघडतो तो मृत्यूच्या तारखेला, आणि त्या दिवशी जे हयात असतात तेच वारस होतात. तारीख मागे-पुढे झाली की वारसांची यादीच बदलते.

तारखेने हिस्सा खरेच बदलतो का? उदाहरण देऊन सांगाल का?

हे उदाहरण मी समजावण्यासाठी बांधले आहे, पण त्यातील एकही गोष्ट अनोळखी वाटणार नाही. आजोबांच्या स्वकष्टार्जित जमिनीचे ६ एकर, म्हणजे २४० गुंठे, आहेत. त्यांना पत्नी, दोन मुलगे आणि एक मुलगी. थोरला मुलगा २०१५ मध्ये घरातून गेला आणि त्याचा शेवटचा फोन जानेवारी २०१६ मध्ये आला. त्याच्या मागे बायको, एक मुलगा आणि एक मुलगी आहे. आजोबा जून २०१८ मध्ये मृत्युपत्र न करता वारले. थोरल्याच्या बायकोने जुलै २०२३ मध्ये दावा लावला.

हिंदू उत्तराधिकार अधिनियम, १९५६ नुसार आजोबांची जमीन आजी, थोरला, धाकटा आणि मुलगी यांच्यात सारखी वाटली जाते. प्रत्येकी ६० गुंठे. आता प्रश्न असा, की जून २०१८ मध्ये थोरला हयात होता का?

तो आजोबांच्या आधी वारला होता हे सिद्ध झाले, तर त्याच्या शाखेचे ६० गुंठे थेट त्याची बायको आणि दोन मुले यांना मिळतात, प्रत्येकी २० गुंठे. आजीला त्यात वाटा नाही.

ते सिद्ध झाले नाही आणि २०२३ मधील दाव्याची तारीख धरली गेली, तर २०१८ मध्ये ते ६० गुंठे थोरल्याला मिळाले असे होते. मग त्याच्या मृत्यूने त्याचे स्वतःचे वारस ठरतात, आणि मुलाच्या वारसांत आईसुद्धा पहिल्या वर्गात येते. त्यामुळे बायको, मुलगा, मुलगी आणि आजी यांना प्रत्येकी १५ गुंठे. सुनेच्या घरात ६० ऐवजी ४५ गुंठे राहतात, आणि आजीचे १५ गुंठे पुढे तिच्या सगळ्या वारसांत वाटले जातात.

आता समजा आजीही २०२१ मध्ये वारली. दाव्याची तारीख धरली, तर आजी वारली तेव्हा थोरला कायद्याने हयात होता, म्हणून तिच्या ६० गुंठ्यांतील २० त्याला मिळतात. त्याच्या नावे ८० गुंठे होतात आणि ते सगळे बायको व मुलांकडे जातात. म्हणजे त्याच बाईच्या घरात ४५, ६० किंवा ८० गुंठे येऊ शकतात, आणि फरक आहे फक्त कोण कोणाच्या आधी गेले याचा.

दाव्यात 'त्यांना मृत घोषित करावे' एवढीच ओळ घालून मोकळे होणाऱ्यांना हे उशिरा कळते. हुकूमनाम्यात तारखेबद्दल अवाक्षर नसेल, तर दुसरा पक्ष तोच वाद वाटणीच्या दाव्यात नव्याने उकरून काढतो.

आणखी एक चूक याच उदाहरणात दिसते. २०१८ मध्ये आजोबांच्या वारसांची नोंद करताना धाकट्याने थोरल्याचे नाव गाळले, किंवा 'तो गेला' असे सांगून वहिनीचे नाव विधवा म्हणून लावले, तर दोन्ही चुकीचे आहे. त्या दिवशी थोरल्याचेच नाव लागायला हवे होते, कारण तेव्हा त्याच्या मृत्यूचे गृहीतक लागू झालेले नव्हते. फेरफाराने मालकी ठरत नाही, त्यामुळे गाळलेल्या नावाने हक्क जात नाही. तरीही ती नोंद कळताच महसुली अपील करावे, कारण मधल्या काळात त्याच कोऱ्या सात-बारावर जमीन विकली जाते.

दावा कुठे आणि कोणाविरुद्ध करायचा?

जमीन ज्या तालुक्यात आहे तेथील दिवाणी न्यायालयात, विनिर्दिष्ट अनुतोष अधिनियम, १९६३ च्या कलम ३४ खाली. केवळ मृत्यूची घोषणा मागणारा दावा काही न्यायालयांनी टिकाऊ मानलेला नाही, कारण हे कलम हक्क किंवा दर्जा जाहीर करण्यासाठी आहे. म्हणून मागणी तीन पायऱ्यांत लिहावी: अमुक व्यक्ती अमुक तारखेला मृत मानावी, वादी तिचे वारस असून अमुक गटातील हिश्श्याचे हक्कदार आहेत, आणि जन्म-मृत्यू निबंधकाने त्याप्रमाणे नोंद घ्यावी.

सर्व संभाव्य वारसांना पक्षकार करावे, जे भांडत नाहीत त्यांनाही. निबंधक आणि महसूल यांच्यासाठी राज्य शासनाला पक्षकार केले, तर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ८० प्रमाणे आधी दोन महिन्यांची नोटीस द्यावी लागते. ती न देता लावलेला दावा परत येतो. बेपत्ता व्यक्तीच्या नावाने वर्तमानपत्रात जाहीर नोटीस देतात, तिचे कात्रण जपावे. साक्षीला घरचा एक माणूस, गावचा एक आणि ठाण्याचा मिसिंग रजिस्टर घेऊन येणारा अंमलदार असावा.

स्त्रियांना, तसेच अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तींना, उत्पन्न न पाहता तालुका विधी सेवा समितीकडून विनामूल्य वकील मिळतो. तशी सोय १९८७ च्या कायद्यात आहे.

हुकूमनामा मिळाल्यावर सात-बारा कसा बदलतो?

प्रमाणित प्रत घेऊन प्रथम मृत्यूची नोंद करावी लागते. ग्रामपंचायतीत इथे अडते, कारण नोंदवहीत मृत्यूचे ठिकाण हवे असते आणि ते कोणालाच ठाऊक नसते. हुकूमनाम्यात निबंधकाला स्पष्ट निर्देश असेल, तर ही अडचण राहत नाही; म्हणूनच वर तिसरी मागणी सांगितली. मृत्यू प्रमाणपत्र आणि हुकूमनामा जोडून तलाठ्याकडे वारस नोंदीचा अर्ज द्यावा. गाव नमुना ६-क मध्ये वारसांची नोंद होते, फेरफार धरला जातो, हितसंबंधितांना नोटिसा जाऊन हरकतीसाठी पंधरा दिवस दिले जातात, आणि मंडळ अधिकाऱ्याने प्रमाणित केल्यावर नावे चढतात. तहसील कार्यालयातील वारस दाखला मृत्यू सिद्ध करत नाही. तो नातेसंबंध दाखवतो.

मुले अज्ञान असतील, तर आईचे नाव पालक म्हणून लागते. त्यांचा हिस्सा विकायला न्यायालयाची परवानगी लागते.

बँकेतील पैसे आणि विम्याचे काय?

लहान रकमांसाठी सात वर्षे थांबण्याची गरज नसते. रिझर्व्ह बँकेने २००८ मध्ये बँकांना सांगितले की, त्यांनी एक मर्यादा ठरवावी आणि तिच्यापर्यंतच्या रकमा प्रथम खबर अहवाल, पोलिसांचा न सापडल्याचा दाखला आणि हमीपत्र यांवर द्याव्यात. मर्यादा बँकेगणिक वेगळी असते, म्हणून शाखेत लेखी विचारावे. वारसनोंद नसली तरी नामनिर्देशित व्यक्ती पैसे घेऊ शकते, पण ती वारसांसाठी घेते, मालक होत नाही.

विम्यात एक गोष्ट जीवाला लागणारी आहे. माणूस गेला म्हणून घरच्यांनी हप्ता भरणे थांबवले, तर पॉलिसी बंद पडते. अनुराधा प्रकरणात नेमके हेच झाले होते. माणूस बेपत्ता झाल्यावर हप्ते थांबले, आणि तो पॉलिसी चालू असतानाच मेला हे सिद्ध करता न आल्याने विम्याच्या पूर्ण रकमेचा दावा टिकला नाही. परवडत असेल तर हप्ता चालू ठेवावा.

पत्नीने घटस्फोट घेतला किंवा दुसरे लग्न केले, तर वारसा जातो का?

हिंदू विवाह अधिनियमाच्या कलम १३ मध्ये सात वर्षे खबर नसणे हे घटस्फोटाचे कारण आहे. मात्र घटस्फोटित स्त्री ही विधवा नव्हे. तिने आधी घटस्फोट घेतला आणि मृत्यूची तारीख त्यानंतरची ठरली, तर नवऱ्याच्या जमिनीतील तिचा वाटा जातो; मुलांचा राहतो. उलट, आधी मृत्यूचा हुकूमनामा घेऊन वारस म्हणून नाव लागलेल्या विधवेने नंतर लग्न केले, तर मिळालेला वाटा परत जात नाही. म्हणून कोणता अर्ज आधी करायचा हे ठरवण्यापूर्वी दोन्ही प्रश्न एकाच वकिलापुढे एकत्र ठेवावेत. तालुक्यात एका वकिलाकडे घटस्फोट आणि दुसऱ्याकडे जमीन, असे होऊन बाया नुकसानीत गेल्या आहेत.

हे सगळ्या समाजांना सारखेच लागू आहे का?

मृत्यूच्या गृहीतकाचा नियम सर्वांना सारखा आहे. वाटे मात्र सारखे नाहीत. वर सांगितलेले हिस्से हिंदू, बौद्ध, जैन आणि शीख यांना लागू होतात. गडचिरोली, मेळघाट किंवा केळापूर भागातील गोंड, कोलाम, कोरकू यांसारख्या अनुसूचित जमातींना हा उत्तराधिकार अधिनियम थेट लागू नाही, तिथे रूढी पाहिली जाते. मुस्लिम कुटुंबात हिस्से मुस्लिम कायद्याने ठरतात.

आणि तो परत आला तर?

गृहीतक खोडता येते, आणि तो समोर उभा राहिला की ते खोडले जाते. तो मेलाच नव्हता, म्हणून वारसा उघडलाच नव्हता आणि मालकी त्याचीच राहिली. त्याने जमीन परत मागितली, तर वारसांना केवळ हुकूमनाम्यावर ती रोखता येत नाही. जमीन मधल्या काळात विकली असेल, तर घेणाऱ्याविरुद्धही त्याला दावा करावा लागतो, आणि तिथे मुदतीचा व ताब्याचा प्रश्न गुंतागुंतीचा होतो. ज्यांनी जमीन विकली नाही, नुसती कसली, त्यांच्याकडे हे सगळे सोपे जाते. हुकूमनाम्यानंतर लगेच खरेदीखत करू पाहणाऱ्यांना मी एवढेच सांगतो की, अपिलाची मुदत संपू द्या आणि खरेदी घेणाऱ्याला तो हुकूमनामा वाचायला द्या.